बाटलीत काय आहे ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

तुझी कथा दोनदा वाचली. दोघांनी शेवटी रडावे की गप्प बसावे, असे तू विचारले आहेस. पण कथा अडली आहे ती शेवटापाशी नाही, बाटलीपाशी. गोव्यातले दोन म्हातारे मित्र तीस वर्षे जपलेली हुर्राक उघडतात आणि ती 'मुरून अमृत झाली होती' असे तू लिहितोस. अरे, हुर्राक उन्हाळ्यापुरतीच असते. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भट्टीवर एकदा चढवला की ती उतरते. ती सौम्य असते आणि फार टिकत नाही. तीच पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून भट्टीवर चढवली की कडक फेणी होते, आणि जपून ठेवायची ती फेणी. म्हणून बाटलीत काय आहे ते आधी ठरव.

फेणी ठरवलीस तरी 'मुरली' हा शब्द काढून टाक. व्हिस्की लाकडी पिंपात मुरते, कारण लाकूड तिला रंग आणि चव देते. काच काहीच देत नाही. तीस वर्षांत बदलते ते एवढेच, की बुचातून थोडी फेणी उडून जाते, पातळी मानेवरून खांद्याखाली येते आणि कडक दारूच्या वाफेने बूच ठिसूळ होते.

तुझी कथा याच उतरलेल्या पातळीत आहे. पाहुणा मित्र बाटली खिडकीच्या उजेडात धरतो आणि क्षणभर यजमानाकडे पाहतो. ही कमी कशी झाली, हे तो विचारत नाही. यजमानालाही कारण ठाऊक नसल्यामुळे तो विनाकारण ओशाळतो. मग बूच अर्धे तुटून आत पडते आणि दोघांना फेणी जुन्या धोतराच्या तुकड्यातून गाळावी लागते, एकाने कापड ताणून धरायचे आणि दुसऱ्याने ओतायचे. चव तीच निघते, पहिल्या दिवशीचीच. त्यावर भाष्य करू नकोस, मी हात जोडतो.

मी हे एवढ्या हट्टाने सांगतो, कारण माझ्या एका कथेत मी द्राक्षाची वाइन पंचवीस वर्षे कपाटात उभी ठेवली होती. बाटली उभी राहिली की बूच सुकते, हवा आत शिरते आणि वाइन आंबट होते. ती आडवी ठेवतात, बूच ओले राहावे म्हणून. माझ्या पात्रांनी मात्र तिची तारीफ केली. एका वाचकाने चूक दाखवली, तेव्हा 'ते प्रतीक आहे' असे मी उत्तर दिले. त्या कथेतले संवाद चांगले होते, असे मला आजही वाटते आणि ते मी कोणालाही पटवून देईन. पण खोट्या घोटानंतर ते कोणी ऐकलेच नाहीत. त्या वाचकाला दिलेले उत्तर मला अजून सलते.

आता बाटलीत काय आहे ते ठरव आणि गाळण्याचा प्रसंग पुन्हा लिही. कापडावर बुचाचे किती कण राहिले आणि ते कोणी झटकले, एवढे पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
एक जुना कथालेखक