कॅफिनची पावडर आणि ओट्यावरचा वजनकाटा

"मॅडम, कॉफीने ॲसिडिटी होते म्हणून रात्री अभ्यासाला बसताना कॅफिनची गोळी घेतो. आता शुद्ध पावडर मागवायचा विचार आहे, स्वस्त पडते. शेवटी कॅफिनच ना ते? मोजून घेतली तर काय बिघडतं?"

पावडर मागवू नका, आणि मागवली असेल तर उघडू नका. कॅफिन तेच आहे हे खरं, पण ते घरी मोजता येत नाही. सगळा धोका तिथेच आहे. आणि ॲसिडिटीचं म्हणाल, तर पोटातलं ॲसिड वाढवण्यात कॅफिनचाही वाटा असतो. गोळीने ती थांबेलच असं नाही.

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका मुलाचं उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. तक्रार अशी, की रात्री अचानक छाती धडधडते, हात थरथरतात, आता आपण मरणार असं वाटतं. घरच्यांनी ताणामुळे होतंय असं गृहीत धरून माझ्याकडे पाठवलं होतं. अशी लक्षणं असली की मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. त्याचा ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी दोन्ही ठीक निघालं. मग मी त्याला दिवसभरात जे काही पोटात जातं ते घड्याळाची वेळ टाकून लिहायला सांगितलं. चहा, कॉफी, गोळ्या, एनर्जी ड्रिंक, सगळं.

वहीतली एक रात्र अशी होती. दहा वाजता 200 मिलिग्रॅमची एक गोळी. वीस मिनिटांत काही जाणवलं नाही म्हणून दुसरी. पावणेअकराला एनर्जी ड्रिंकचा मोठा कॅन, त्यावर छापलेलं कॅफिन 160 मिलिग्रॅम. म्हणजे तासाभरात 560. मग सव्वाअकराच्या नोंदीत एकच शब्द: "अटॅक".

बेरीज त्याने स्वतःच केली आणि गप्प झाला. निरोगी प्रौढ माणसासाठी सर्वसाधारणपणे दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी 200 पर्यंत ही मर्यादा मानली जाते. साध्या मोठ्या कपभर कॉफीत साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम कॅफिन असतं. म्हणजे त्याने तासाभरात सहा कप कॉफी रिचवली होती. कॉफी असती तर सहा कप त्याला गेलेच नसते. ती गरम असते, कडू असते, पोट भरतं, घोट घोट घ्यावी लागते, आणि तिसऱ्या कपापर्यंत शरीर "आता पुरे" म्हणतं. गोळी एका घोटात खाली जाते आणि तिचा परिणाम पूर्ण चढायला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त लागतो. त्या मधल्या वेळातच माणूस दुसरी घेतो. बरं, हे उतरतंही सावकाश. निम्मं कॅफिन शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला त्याच्या रक्तात अजून जवळजवळ तीन कपांचं कॅफिन असणार. झोप येत नाही म्हणून तो तेव्हा आणखी घाबरायचा.

गोळीत निदान 100 किंवा 200 असा आकडा ठरलेला असतो. चुकलं तर मोजणाऱ्याचं चुकतं. पावडरीत तो आधारही राहत नाही. पुढच्या भेटीला हा मुलगा पावडरीचं पाकीट घेऊन आला. वर लिहिलं होतं, एका वेळी 200 मिलिग्रॅम. आत चमचा नव्हता. "मोजतोस कशाने?" विचारलं तर म्हणाला, "स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. आकडा एक झाला की त्यातला पाचवा भाग डोळ्यांनी वेगळा करणार." अजून केलं नव्हतं, एवढंच नशीब.

हे नीट समजून घ्या. तो काटा एक-एक ग्रॅमने पुढे सरकतो. एक ग्रॅम म्हणजे 1000 मिलिग्रॅम. 200 मिलिग्रॅम ठेवलं तर बहुतेक वेळा तो शून्यच दाखवेल, आणि कित्येक काटे पहिले एक-दोन ग्रॅम ओळखतच नाहीत. आकडा दिसत नाही म्हणून माणूस आणखी टाकतो. चमच्याने तर आणखी वाईट. चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे 3200 मिलिग्रॅम शुद्ध कॅफिन मावतं, म्हणजे बत्तीस ते चाळीस कप कॉफी. झटक्यात 1200 मिलिग्रॅमच्या आसपास गेलं तरी झटके येऊ शकतात, आणि तेवढं अर्ध्या चमच्याहूनही कमी असतं. पावडर गुठळी धरलेली असली किंवा चमचा थोडा शिगेला भरला, तर हिशेब पुन्हा बदलतो.

हा भित्रेपणा नाही. 2015 साली इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात, प्रयोगशाळेत, दशांश चिन्ह चुकलं आणि दोन विद्यार्थ्यांना 0.3 ग्रॅमऐवजी 30 ग्रॅम कॅफिन दिलं गेलं. दोघांना डायलिसिसवर ठेवावं लागलं, सुदैवाने वाचले. अमेरिकेत 2014 मध्ये पावडरीमुळे तरुणांचे मृत्यू झाले. 2018 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने शुद्ध कॅफिन मोठ्या पाकिटात थेट ग्राहकाला विकणं बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं.

काहींनी गोळ्यांपासूनही लांबच राहावं. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार, उच्च रक्तदाब, फिट्स येण्याचा इतिहास, गरोदरपण, आणि अठराच्या आतलं वय. पॅनिक अटॅक किंवा तीव्र चिंतेचा त्रास असणाऱ्यांनीही. हे मी माझ्या खोलीतल्या अनुभवावरून जास्त ठासून सांगते, कारण कॅफिनची धडधड आणि भीतीची धडधड आतून सारखीच वाटते, आणि एक दुसरीला पेटवते.

औषधांचा भाग बहुतेकांना माहीतच नसतो. ओसीडीसाठी दिलं जाणारं फ्लुवोक्सामिन हे औषध यकृतातलं कॅफिन मोडण्याचं काम इतकं मंदावतं, की कॅफिन कित्येक पटींनी जास्त वेळ रक्तात राहतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकनेही ते रेंगाळतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी साधारण दुप्पट वेळ लागतो. म्हणजे कालपर्यंत चालणारी तीच गोळी औषध सुरू झाल्यावर भारी पडू शकते. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही गोळी नको.

त्या मुलाने पावडर टाकून दिली. गोळ्या एकदम बंद केल्या असत्या तर दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकलं असतं, चिडचिड झाली असती, आणि त्याने पुन्हा घेतल्या असत्या. म्हणून आधी एनर्जी ड्रिंक बंद, मग काही दिवसांनी गोळी अर्धी, तीही दुपारी दोनच्या आत, आणि मग सकाळच्या एका कॉफीवर. रात्रीचे अटॅक थांबले. परीक्षेची भीती मात्र उरली, त्यावर आम्ही पुढे काम केलं.

तुमच्या बाबतीत किंवा खोलीतल्या मित्राच्या बाबतीत कधी जास्त गेल्याचा संशय आला, तर उलट्या, न थांबणारी थरथर, अनियमित ठोके, गोंधळलेलं बोलणं किंवा झटके दिसताच थेट रुग्णालयात जा. पावडर गेली असेल तर लक्षणांचीही वाट पाहू नका. पाणी पाजून किंवा झोपवून वाट बघू नका, घरी उलटी करवू नका. पाकीट किंवा गोळ्यांची पट्टी सोबत न्या आणि किती, किती वाजता घेतलं ते स्पष्ट सांगा. उपचार त्या माहितीवर ठरतात.