प्रारब्ध, व्यायाम आणि लोणच्याची बरणी

“बाबांना पक्षाघात झाला, डावा हात उचलत नाही. सगळे म्हणतात, भोग आहेत, भोगूनच संपतात. मग औषधं, व्यायाम कशासाठी? आणि मी चिडते तेही माझं प्रारब्धच ना?”

हे विचारणाऱ्या ताईंना आधी एक कागद दिला. एका बाजूला ‘आलेलं’, दुसऱ्या बाजूला ‘करायचं’. त्यांनी पाचही गोष्टी पहिल्या बाजूला लिहिल्या: पक्षाघात, निकामी हात, बाबांचा लोणच्याचा हट्ट, बंद पडलेला व्यायाम, स्वतःची चिडचिड.

वेदान्तात बाणाचा दाखला देतात. भात्यातले बाण म्हणजे संचित, साठलेलं कर्म; सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, फळ देऊ लागलेलं कर्म; धनुष्याला लावलेला बाण म्हणजे क्रियमाण, आत्ता करत असलेलं कर्म. सुटलेला परत येत नाही, म्हणून पक्षाघात पहिल्या बाजूलाच राहिला. व्यायाम मात्र का बंद पडला, असं विचारल्यावर कळलं की शिकवायला येणाऱ्या बाई गावी गेल्या आणि दुसरं कुणी शोधलंच नाही. हे प्रारब्ध नव्हे, गेल्या पंधरवड्यातलं न केलेलं काम आहे. नेहमीची चूक इथेच होते: कालचा आळस जन्मांतरीच्या खात्यावर टाकला जातो.

पतंजलींनी योगसूत्रांत कर्माचा विपाक, म्हणजे फळ, जाती, आयुष्य आणि भोग असा सांगितला (2.13). जन्म, आयुर्मान, वाट्याला येणारं सुखदुःख. त्यावर आपण काय करावं, हे त्या यादीत नाही. शिवाय 2.16 मध्ये तेच म्हणतात, न आलेलं दुःख टाळण्याजोगं आहे. हात किती सुधारेल ते आज कुणालाच ठाऊक नाही. प्रारब्ध किती होतं ते प्रयत्नानंतरच कळतं. त्यामुळे ‘भोग आहे’ म्हणून उपचार सोडायला शास्त्राचा आधार मिळत नाही. कोणत्या पापाचं हे फळ, हे शोधणंही सोडा, गीता कर्माची गती गहन म्हणते (4.17), आणि नेमकं पाप सांगून शांत करायला पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा.

चिडचिडीचा प्रश्न खरा अवघड. चौदाव्या शतकातले विद्यारण्य ‘पंचदशी’च्या सातव्या प्रकरणात इच्छासुद्धा प्रारब्धात धरतात आणि उदाहरण देतात ते नुकसान कळूनही अपथ्य खाणाऱ्याचं! म्हणजे बाबांची लोणच्याची ओढ आणि ताईंचा उसळणारा राग, दोन्ही प्रारब्ध असू शकतात. सगळं स्वातंत्र्य आपलंच, असा दावा म्हणूनच आम्ही करत नाही. पण राग उसळणं आणि ‘मरा एकदाचे’ म्हणणं यांत श्वासाएवढी फट असते, आणि क्रियमाणाला एवढी जागा पुरते.

ताईंनी कागद फिरवून पुन्हा लिहिला. ‘करायचं’ खाली तीन ओळी आल्या: उद्या नवीन व्यायामतज्ज्ञाला फोन, बरणी वरच्या फळीवर, आणि राग आला की आधी खोलीबाहेर.