200 ग्राहकांची चाचणी आणि आधी लिहून ठेवलेले आकडे

प्रश्न: घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचा माझा व्यवसाय आहे आणि यादीत सुमारे 3000 जुने ग्राहक आहेत. वार्षिक देखभाल योजना सुरू करायची आहे. दोन नवे तंत्रज्ञ, एक वाहन आणि नोंदींची संगणक प्रणाली यांवर पूर्ण खर्च करण्याआधी लहान चाचणी घ्यायची झाल्यास ती ‘यशस्वी’ झाली हे कशावरून ठरवायचे?

उत्तर:

याच धंद्यात मी एकदा अशी चाचणी घेतली आणि तिच्यावर विसंबून फसलो, म्हणून आधी ती चूक सांगतो. मी नेहमीच्या ओळखीच्या 40 ग्राहकांना विचारले आणि 11 जणांनी होकार दिला. चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक तयार आहेत, या आनंदात मी माणसे नेमली, आणि मग उरलेल्या यादीकडे वळल्यावर ते प्रमाण कुठल्या कुठे गेले. त्या 40 जणांना माझ्या चांगल्यातल्या चांगल्या तंत्रज्ञाचा अनुभव होता, ते मला नावाने ओळखत होते, आणि त्यांतल्या काहींचा होकार हा केवळ भिडेपोटी दिलेला होता. शिवाय किती होकार आले म्हणजे पुरे, हे मी आधी कुठेही लिहून ठेवले नव्हते, त्यामुळे जो आकडा आला तोच मला पुरेसा वाटला.

म्हणून निकषाची सुरुवात ग्राहकांपासून न करता तुमच्या खर्चापासून करा. समजा, योजनेच्या वार्षिक शुल्काचे 8 समान भाग केले आणि तंत्रज्ञाच्या एका भेटीला त्यातला 1 भाग खर्च होतो. वर्षाला 4 भेटी धरल्या तर प्रत्येक सभासदामागे 4 भाग शिल्लक राहतात. नवे पगार, वाहन आणि प्रणाली यांचा वार्षिक खर्च 180 सभासदांच्या शुल्काएवढा, म्हणजे 1440 भाग असेल, तर तो भरून निघायला 360 सभासद लागतील. 3000 च्या यादीत हे प्रमाण 12 टक्के होते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हे गणित झाल्याशिवाय ‘चांगला प्रतिसाद’ या शब्दांना काही अर्थ नाही.

आता यादीतून 200 जण निवडा. निवड तुमच्या हातात ठेवू नका. 1 ते 15 मधली एक चिठ्ठी काढा, त्या क्रमांकापासून सुरुवात करा आणि पुढे दर पंधरावे नाव घ्या. प्रत्येकाला ठरावीक वेळा, समजा तीनदा, फोन करा आणि जो फोन उचलणार नाही त्यालाही 200 मध्येच मोजा, कारण पूर्ण योजनेतही तो फोन उचलणार नाहीच. मोजायचे ते फक्त पूर्ण शुल्क भरणारे. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारा नकारात जातो आणि पहिले वर्ष सवलतीत दिले तर चाचणी सवलतीची होते, योजनेची नाही. फोन करणारी व्यक्तीही तीच असावी जी पुढे हे काम रोज करणार आहे. मालकाने स्वतः फोन केला की आकडा फुगतो.

सगळ्यात जास्त गफलत होते ती इथून पुढे. 200 चे 12 टक्के म्हणजे 24, तेव्हा 24 आले की पास, असे वाटणे साहजिक आहे. पण यादीतले खरे प्रमाण नेमके 12 टक्के असले तरी 200 जणांच्या एका नमुन्यात निव्वळ योगायोगाने 15 ते 33 यांतला कोणताही आकडा येऊ शकतो. अशा 100 नमुन्यांपैकी साधारण 95 नमुने याच पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर पडतील. म्हणजे 26 आले म्हणून उड्या मारण्यात आणि 21 आले म्हणून खचण्यात सारखीच चूक आहे. म्हणून एक रेषा न आखता दोन आखा. 33 किंवा अधिक आले तर पुढे जायचे, 15 किंवा कमी आले तर थांबायचे, आणि मधला आकडा आला तर त्याच पद्धतीने आणखी 200 जण घेऊन एकूण 400 पैकी किमान 60 सभासद मागायचे. तेवढे आले नाहीत तर योजना गुंडाळायची, कारण काठावरच्या योजनेसाठी पगाराची जबाबदारी घेणे मला परवडणारे वाटत नाही. तुमची जोखीम पेलण्याची ताकद जास्त असेल तर 60 ऐवजी कमी आकडा ठेवा, पण तो आत्ताच ठेवा. दुसऱ्या फेरीची अट आधी लिहिलेली नसेल, तर मनासारखे उत्तर येईपर्यंत नमुना वाढवत राहण्याचा मोह आवरत नाही.

एवढ्यावर थांबलात तर दुसरा धोका नजरेतून सुटेल, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. अशी योजना प्रथम कोण घेतो? ज्याचे यंत्र सारखे बिघडते तो. वर्षाला 4 ऐवजी 6 भेटी लागल्या तर सभासदामागे 4 ऐवजी 2 च भाग उरतात, आणि लागणारे सभासद 360 वरून थेट 720 होतात, म्हणजे 12 टक्क्यांचे 24 टक्के. तेव्हा भरपूर सभासद येऊनही योजना बुडू शकते. यासाठी दुसरा निकष लिहा: शुल्क भरल्यापासून 90 दिवसांत दर सभासदामागे सरासरी 1 भेट अपेक्षित आहे, ती दीडपर्यंत गेली तर सभासदसंख्या काहीही असो, या शुल्कात योजना सुरू करायची नाही. पैसे भरल्यावर पहिल्या महिन्यात लोक जुनी तुंबलेली कामे काढतात, म्हणून भेटी महिन्यागणिक वेगळ्या लिहा. तिसऱ्या महिन्यात ओघ स्पष्टपणे ओसरला असेल, तर दीडच्या आकड्याचा अर्थ ‘शुल्क वाढवून पुन्हा चाचणी’ असा घेता येईल. पण ही मुभाही आधीच कागदावर हवी.

चाचणीत भेटींची संख्या मोजा, प्रवासाचा खर्च मात्र जसाच्या तसा धरू नका. 200 विखुरलेल्या नावांमधून आलेल्या तीसेक सभासदांकडे जाताना एका फेरीत एकच घर होते, तर पूर्ण योजनेत त्याच वाटेवर तीन-चार घरे होतील, त्यामुळे चाचणीतला दर भेटीचा खर्च खऱ्यापेक्षा जास्त दिसेल. उलट तंत्रज्ञ नेहमीचाच पाठवा, निवडक नको. नोंदी वहीत ठेवल्या तरी चालतात. प्रणाली घेण्याचे कारण अजून आलेले नाही.

हे सगळे एका पानावर लिहा, तारीख घाला आणि भागीदाराची किंवा हिशेब पाहणाऱ्याची सही घ्या, म्हणजे चाचणी चालू असताना आकडे सरकवता येणार नाहीत. एक गोष्ट मात्र ही चाचणी सांगू शकत नाही, ती म्हणजे वर्ष संपल्यावर किती जण नूतनीकरण करतील. ते एका वर्षाने कळते. म्हणून निकाल 33 च्या वर लागला तरी मी पहिल्या वर्षी वाहन भाड्याने घेईन, एकच तंत्रज्ञ नेमेन आणि दुसऱ्याची नेमणूक सभासद 200 च्या पुढे गेल्यावरच करेन.