फर्मवेअर अपडेटनंतर इंटरनेट बंद: आधी राउटरचं WAN पान उघडा

प्रश्न: राउटरचं फर्मवेअर अपडेट केल्यापासून वाय-फाय जोडलं जातं, पण नेट चालत नाही. फायबरच्या डब्यावर लाल दिवा नाही. काय बघू?

लाल दिवा नाही म्हणजे लाइन बहुतेक ठीक आहे. वाय-फायचं नाव आता राउटरच्या बुडाला छापलंय तेच दिसतंय का? दिसत असेल, तर अपडेटने सगळ्याच सेटिंग पुसल्यात. राउटरचा पत्ताही बदललेला असू शकतो, म्हणून 192.168.0.1 उघडत नसेल तर फोनच्या वाय-फाय तपशिलात गेटवे म्हणून जो आकडा दिसतो तो ब्राउझरमध्ये टाका.

आत गेल्यावर WAN पान, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेट जोडणीच्या सेटिंगचं पान उघडा. रिसेट झालेला राउटर बहुधा Dynamic IP वर, म्हणजे पत्ता आपोआप मिळण्याच्या सेटिंगवर येतो. आपल्याकडे बऱ्याच फायबर कनेक्शनना PPPoE, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत लागते. तसं असेल आणि फायबरचा डबा ब्रिज मोडवर असेल, म्हणजे स्वतः जोडणी न करता लाइन नुसती राउटरकडे पुढे देत असेल, तर Dynamic IP वर पत्ता द्यायला पलीकडे कुणी नसतं आणि WAN IP समोर 0.0.0.0 दिसत राहतं. PPPoE निवडून कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड भरा. हा पासवर्ड वाय-फायचा नव्हे आणि बिल भरायच्या ॲपचाही असेलच असं नाही. सापडत नसेल तर कस्टमर केअरला ‘PPPoE पासवर्ड रिसेट करून द्या’ एवढंच सांगा, नाहीतर ते अर्धा तास राउटर बंद-चालू करायला लावतात.

एवढं करूनही जोडलं नाही, तर अंदाज बांधत बसू नका, राउटरचा System Log वाचा. माझ्या मामांकडे युजरनेम-पासवर्ड दोन्ही बरोबर होते, तरी लॉगमध्ये PADI पुन्हा पुन्हा जात होतं आणि PADO काही येत नव्हतं. PADI म्हणजे राउटरने पलीकडच्या सर्व्हरला मारलेली हाक, PADO म्हणजे त्याचं उत्तर. उत्तरच नाही, म्हणजे गाडी पासवर्डपर्यंत पोचलीच नव्हती. अपडेटमध्ये VLAN ची, म्हणजे कंपनीच्या लाइनवर इंटरनेटचा डेटा वेगळा ओळखणाऱ्या क्रमांकाची टिकमार्क गेली होती. कंपनीकडून VLAN ID घेऊन भरला आणि नेट सुरू झालं. वायर WAN ऐवजी LAN पोर्टमध्ये असली तरी हेच लक्षण दिसतं.

याउलट लॉगमध्ये authentication failed असेल, तर सर्व्हर भेटलाय पण ओळख पटत नाहीये. पासवर्ड पुन्हा टाइप करा. कधीकधी जुनं सेशन सर्व्हरवर अडकून राहतं, तेव्हा राउटर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून बघा. लोकल केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर मॅक बाइंडिंगही तपासा, म्हणजे कनेक्शन एकाच यंत्राच्या मॅक पत्त्याला, त्याच्या हार्डवेअरच्या ओळख क्रमांकाला बांधलंय का ते. पूर्वी MAC Clone करून राउटरला दुसऱ्या यंत्राचा मॅक पत्ता दिलेला असेल तर रिसेटनंतर राउटर स्वतःचा मॅक पत्ता दाखवतो आणि त्यांची सिस्टिम त्याला आत घेत नाही. नवा मॅक त्यांना फोनवर सांगितला की ते नोंदवून देतात.