ट्रेलोच्या स्क्रीनशॉटवरून कामांची यादी: नाव आणि तारीख कुठे चुकते

प्रश्न: दिवाळी अंकाच्या ट्रेलो बोर्डाचा स्क्रीनशॉट संपादकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. मला बोर्डाचा अ‍ॅक्सेस नाही. काम, कोणाकडे, कधीपर्यंत अशी शीट करायची आहे. सगळं हाताने टाइप करायचं का?

उत्तर: कामांची नावं टाइप करायची गरज नाही. माणसं आणि तारखा मात्र डोळ्यांनी बघूनच भरा.

आधी तोच स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि सगळ्यात आधी गिचमिड होतात ती तारखांची बारीक अक्षरं. बोर्डावर फिल्टर लावलेला नव्हता ना, आणि प्रत्येक लिस्ट खालपर्यंत दिसते ना, हेही तेव्हाच विचारा. लिस्टचं शेवटचं कार्ड अर्धवट कापलेलं असेल, तर खाली आणखी कार्डं आहेत असंच धरा.

मजकूर काढायला गूगल ड्राइव्ह पुरतं: चित्र अपलोड करा, राइट क्लिक करून Open with मधून Google Docs निवडा. मात्र अख्खा बोर्ड एकदम देऊ नका. वाचणारा प्रोग्रॅम बऱ्याचदा आडवा वाचत जातो, त्यामुळे To Do मधल्या कार्डाची ओळ आणि शेजारच्या Doing मधली ओळ एकमेकांत मिसळतात. वर वर बघताना मजकूर बरोबर वाटतो, म्हणून ही चूक पटकन सापडत नाही. प्रत्येक लिस्ट वेगळी कापून वेगळी फाइल करा. कमांड लाइनची सवय असेल तर टेसरॅक्टही चालतं:

```
tesseract doing.png doing -l mar+eng --psm 6
```

यासाठी मराठीची भाषा-फाइल आधी टाकलेली हवी. अक्षरं बारीक असतील तर कापलेलं चित्र दुप्पट-तिप्पट मोठं करून द्या.

शीटमध्ये सहा रकाने पुरतात: लिस्ट, काम, कोणाकडे, कधीपर्यंत, झालं का, शंका. शेवटचा रकाना वगळू नका, खरं काम तोच करतो.

एक कार्ड घेऊन बघू. Doing लिस्टमध्ये «मुखपृष्ठ अंतिम करणे», त्यावर Sep 28 - Oct 5, बाजूला 2/5, आणि RK व SP असे दोन गोल.

दोन तारखांमधली पहिली सुरुवातीची, दुसरी मुदतीची. शीटमध्ये 2025-10-05 असंच लिहा. 5/10 लिहिलंत आणि शीटची सेटिंग अमेरिकन असली तर ते 10 मे होतं. कार्डावर चालू वर्ष छापलेलं नसतं, तेव्हा स्क्रीनशॉट कधीचा आहे हे विचारून शीटच्या माथ्यावर लिहून ठेवा. Today किंवा उद्या असं काही कोणी कार्डाच्या नावातच लिहिलं असेल, तर तेही त्याच दिवसापासून मोजायचं.

तारखेचा रंगही वाचा. लाल म्हणजे मुदत उलटली, पिवळा म्हणजे चोवीस तासांच्या आत आली, हिरवा म्हणजे पूर्ण झाल्याची खूण केली. कार्ड Doing मध्येच आणि तारीख हिरवी, असं बऱ्याचदा दिसतं. खूण केली पण कार्ड सरकवायचं राहिलं. अशा ओळीत «झालं का» रिकामं ठेवून शंका लिहा.

2/5 म्हणजे चेकलिस्टमधली पाचपैकी दोन कामं झाली. उरलेली तीन कोणती आणि कोणाची, हे कार्डाच्या दर्शनी भागावर दिसत नाही. त्या तीन ओळी मनाने रचू नका.

आता दोन गोल. ट्रेलोत कार्डाला माणसं जोडलेली असतात, त्यातला जबाबदार कोण हे ट्रेलो सांगत नाही. चित्रकार आणि नुसतं लक्ष ठेवणारे संपादक, दोघंही सारखेच दिसतात. पहिला गोल तो मुख्य, असा कसलाही नियम नाही. RK म्हणजे कोण हेही अंदाजाने भरू नका, कारण त्याच आद्याक्षरांची दोन माणसं असू शकतात. गोलात फोटो असेल तर प्रोग्रॅमला त्यातून काहीच मिळत नाही. संपादकांकडून आद्याक्षरं आणि नावं यांची जोडी एकदाच मागवा. ज्या कार्डावर गोलच नाही तिथे «ठरलेलं नाही» लिहा. त्या लिस्टमधली बाकी कामं एकाकडे आहेत म्हणून हेही त्याच्याच गळ्यात घालू नका.

भरून झाल्यावर चित्रातली कार्डं लिस्टनुसार बोटाने मोजा आणि शीटशी ताडा:

```
=COUNTIF(A:A,"Doing")
```

तारखा खरंच तारखा म्हणून बसल्यात का, हे `=ISNUMBER(D2)` सांगतं. FALSE आलं तर ती नुसती अक्षरं आहेत आणि तारखेनुसार क्रम लावताना ती ओळ भलतीकडे जाईल.

बोर्ड पन्नासेक कार्डांचा असेल तर हा खटाटोप सोडा. संपादकांना बोर्डाच्या पत्त्यापुढे .json जोडून उघडायला सांगा आणि ती फाइल मागवा. त्यात चेकलिस्टसकट सगळं असतं. फक्त त्यातली वेळ यूटीसीत असते: 12:30 म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सहा. मुदत 20:00Z असेल तर आपली तारीखच पुढची होते. शिवाय कार्डांवरच्या टिप्पण्याही त्यात येतात, त्यामुळे ते द्यायला कचरले तर नवल नाही.

नाही मिळाली, तर ज्यांच्या शंका रकान्यात काही लिहिलंय तेवढ्याच ओळी निवडून एकाच मेसेजमध्ये पाठवा, आणि प्रश्न नेमका विचारा: «मुखपृष्ठ RK करणार की SP? 5 ऑक्टोबर ही मुदत छापखान्याला द्यायची की तुम्हाला दाखवायची?»