टोटल जुळली, पण शून्यं हरवली

प्रश्न: आमच्या कंपनीत चारशेच्या वर माणसं आहेत. पगाराच्या दिवशी अकाउंट्सवाले एकेकाला पैसे पाठवत बसतात का? आणि मग शेजारी बसणाऱ्याचा पगार माझ्याआधी कसा येतो?

उत्तर: एकेकाला पाठवायचं म्हटलं तर पंधरवडा जाईल! मी महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत पगाराचं काम बघतो. माणसं ४१२, फाइल एकच. पगाराच्या सॉफ्टवेअरमधून बँकेने ठरवून दिलेल्या फॉरमॅटमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल निघते, माणशी एक ओळ. मी ती बँकेच्या पोर्टलवर चढवतो आणि साहेब त्यांच्या लॉगिनने मंजूर करतात. माझी फाइल मलाच मंजूर करता येत नाही. कंपनीच्याच बँकेत खातं असेल तर पैसे लगेच जमा होतात. बाकीच्यांचे एनईएफटीने जातात आणि त्याच्या बॅच अर्ध्या-अर्ध्या तासाने सुटतात. शेजाऱ्याचा फोन आधी वाजतो तो बहुतेक यामुळे.

आता गोम ऐका. साहेब काही ४१२ ओळी वाचत नाहीत. माणसं किती आणि एकूण रक्कम किती, एवढं पगारपत्रकाशी जुळलं की मंजुरी.

एकदा तयार फाइल मी एक्सेलमध्ये उघडली, एका नावाचं स्पेलिंग सुधारलं आणि सेव्ह केली. एक्सेलला खाते क्रमांक म्हणजे साधा आकडा वाटतो, म्हणून सुरुवातीची शून्यं त्याने गिळून टाकली. नाव आणि एम्प्लॉयी कोड वगळून, फक्त पाठवायची पद्धत, खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि रक्कम दाखवली, तर आधीची ओळ आणि नंतरची ओळ अशी (क्रमांक बनवलेले आहेत):

```
NEFT,005812340917,ABCD0000123,31450
NEFT,5812340917,ABCD0000123,31450
```

रक्कम तीच, माणसं तेवढीच, त्यामुळे टोटल पैशापर्यंत जुळली. ३८९ जणांचे पगार झाले. शून्याने सुरू होणारी खाती असलेल्या २३ जणांचे पैसे दोन-तीन तासांत कंपनीच्या खात्यात परत आले, तेवीस वेगळ्या नोंदींनी. तोवर माझ्या टेबलाभोवती रांग लागली होती. तरी नशीब म्हणायचं, कारण एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात, फाइलमधलं नाव कोणी पडताळत नाही. तो तोकडा क्रमांक त्या बँकेत खरंच कुणाचा असता तर पगार त्याला गेला असता. घाबरून मी अख्खी फाइल पुन्हा चढवणार होतो. साहेबांनी हात धरला, नाहीतर ३८९ जणांना दुप्पट पगार! त्या तेवीस जणांचीच नवी फाइल केली.

तेव्हापासून सीएसव्ही मी फक्त नोटपॅडमध्ये उघडतो. चढवण्याआधी एम्प्लॉयी कोड धरून खाते क्रमांक मागच्या महिन्याच्या फाइलशी ताडून बघतो. फरक नव्या किंवा खातं बदललेल्या माणसांचाच निघायला हवा. गेल्या महिन्यात सात निघाले आणि एचआरकडचे अर्ज होते सहा. सातव्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘‘मी कुठं खातं बदललंय?’’