नाक बदलून काही होत नाही, उंची बदलली की वेग का बदलतो?

प्रश्न: गेममध्ये पात्र बनवताना आपण निवडलेलं नाक, केस, उंची कुठं आणि कसं साठवतात? नाक कितीही बदललं तरी काही फरक पडत नाही, पण उंची वाढवली की पात्र जोरात पळतं. असं का?

सेव्ह फाइलमध्ये चेहरा नसतो, तो परत बनवायची कृती असते. आम्ही तिघं मित्र बेळगावात कुस्तीचा छोटा गेम बनवतोय. त्यातला अख्खा पैलवान एवढ्यात मावतो:

```json
{"v":2,"hair":"h07","nose":128,"height":75}
```

`hair` म्हणजे यादीतल्या केसांची खूण. तिथं नुसता क्रमांक ठेवू नका. मध्ये नवी केशरचना घुसली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि जुन्या खेळाडूंचे केस बदलतात. `nose` हा 0 ते 255 मधला आकडा. चपटं आणि धारदार अशी दोन नाकं आधीच घडवलेली असतात, आकड्याप्रमाणे त्यांच्यामधलं नाक तयार होतं. यात फक्त कातडीचे बिंदू हलतात, आतली हाडं तशीच राहतात. म्हणून खेळावर परिणाम शून्य.

उंचीचं तसं नाही, ती हाडांचा सांगाडाच ताणते. आमच्याकडे 0 ते 100 ची पट्टी 0.9 ते 1.1 पट होते, म्हणजे 75 ला 1.05 पट. 70 सेंमीचा हात 73.5 सेंमी होतो. पकड लागली की नाही हे आम्ही तळव्याच्या हाडाच्या जागेवरून तपासतो, त्यामुळं पल्ला आपोआप वाढला. चालही अ‍ॅनिमेशनमधल्या पावलावरून काढलेली, पाऊल लांबलं की वेग वाढला. वर धडक तपासणारी अदृश्य कुपी 180 ची 189 सेंमी झाली आणि तालमीच्या 185 सेंमीच्या दारात पैलवान अडकला! हे कुणी ठरवून केलं नव्हतं, दिसण्यातून खेळात झिरपलं होतं.

ओळखायचं कसं? सर्वांत बुटका आणि सर्वांत उंच पैलवान 20 मीटर पळवा. आमच्याकडे एकाला 5.6 सेकंद लागले, दुसऱ्याला 4.5. मग कुपी कायमची 180 ला बांधली आणि वेग वेगळ्या तक्त्यातून घेतला.

काही गेममध्ये हा फरक मुद्दाम असतो. ‘स्कायरिम’मध्ये (2011) वजनाची पट्टी निव्वळ दिसण्यापुरती आहे, खरे आकडे वंशाला जोडलेत. हाय एल्फ हा वंश निवडला की 50 जादा मॅजिका, म्हणजे जादू वापरायची शक्ती, मिळते. त्याची उंचीही वंशातच 1.08 पट लिहिलेली आहे, म्हणून तो जोरात पळतो.

आम्ही हाताचा पल्ला मात्र तसाच ठेवला. उंच पैलवानाचा हात लांब पोचतोच, खानापूरकडच्या कुठल्याही आखाड्यात बघा. त्याला तोड म्हणून बुटक्याला पट काढताना जादा ताकद दिली, आणि उंचीच्या पट्टीखाली हे दोन्ही आकडे दिसतील असे लिहिले.